सब्जेक्टच्या ओळीतली पहिली अडतीस अक्षरं

"मॅडम, मी तासगावचा. मेकॅनिकल डिप्लोमा झालाय. कुपवाड एमआयडीसीत एका जॉब शॉपमध्ये वर्षभर व्हीएमसी चालवतोय, कंट्रोल फॅनकचा आहे. चांगल्या कंपनीत जायचं म्हणून मिरज, कुपवाड, पलूसकडच्या सव्वीस कंपन्यांना ई-मेल केले. एकाचंच उत्तर आलं, तेही 'सध्या जागा नाही' असं. रेझ्युमे दोघांकडून तपासून घेतलाय. चूक कुठे होतेय? पाठवलेला मेल सोबत जोडलाय."

तुझा रेझ्युमे मी पाहिला, तो ठीक आहे. पण तो बहुतेक ठिकाणी उघडलाच गेला नसावा असं मला वाटतं, कारण त्याच्या आधी तुझी सब्जेक्टची ओळ दिसते आणि ती अशी आहे:

```
Respected Sir/Madam, I am applying for a suitable post in your esteemed company as per my qualification
```

ही 103 अक्षरं झाली, मधल्या रिकाम्या जागा धरून. मोबाईलवर मेलच्या यादीत साधारण तीस-चाळीस अक्षरंच दिसतात, पुढे तीन टिंबं येतात. फोनच्या आकाराप्रमाणे थोडं कमी-जास्त होतं. मी काही वर्षं एका कारखान्यात भरतीचं काम पाहिलंय. सकाळी शॉप फ्लोअरवर जाता जाता फोनवरच मेल चाळायचे. तुझ्या ओळीची पहिली अडतीस अक्षरं मोजली, तर मला एवढंच दिसलं असतं:

```
Respected Sir/Madam, I am applying for
```

कशासाठी अर्ज आहे, ते नेमकं तिथेच तुटलं. शिवाय पुढची अक्षरं दिसली असती तरी 'सुटेबल पोस्ट' म्हणजे कोणती? ऑपरेटर, क्वालिटी, मेंटेनन्स, स्टोअर? ते समोरच्यानं ठरवायचं, आणि त्याला तेवढा वेळ नसतो. ही मोघम भाषा येते, कारण एकच मेल सव्वीस ठिकाणी चालावा असं तुला हवं होतं. म्हणून ओळ दुरुस्त करण्याआधी या कंपनीत तुला नेमकं कोणत्या मशीनवर काम हवंय, ते ठरव. तुझ्या बाबतीत उत्तर पत्रातच आहे. तेवढ्याच अडतीस अक्षरांत ते असं बसतं:

```
VMC Operator: Diploma Mech, 1 yr Fanuc
```

जागेचं नाव सगळ्यात आधी घेतलं, कारण ओळ कुठेही तुटली तरी ते राहतं. मग शिक्षण, मग अनुभव आणि कंट्रोल. 'रिस्पेक्टेड सर' गेलं म्हणून उद्धटपणा होत नाही. आदर मजकुराच्या पहिल्या ओळीत दाखवायचा, तिथे जागा आहे. तुझं नावही लिहायला नको, पाठवणाऱ्याचं नाव शेजारी दिसतंच. मात्र ते काय दिसतंय ते एकदा बघ. घरच्या कुणाच्या किंवा नेट कॅफेच्या खात्यावरून मेल गेला, तर दुसऱ्याचंच नाव दिसतं. याच ओळीचा पुढेही उपयोग होतो. महिन्याभरानं जागा निघाली की भरतीवाले मेलमध्ये 'VMC' टाकून शोधतात. तो शब्द तुझ्या जुन्या मेलमध्ये सब्जेक्टला नव्हताच, मजकुरातही 'मशीन ऑपरेटिंग' एवढंच होतं.

दोन मर्यादा सांगते. जाहिरातीत सब्जेक्टला जॉब कोड किंवा ठरावीक शब्द लिहायला सांगितले असतील, तर माझी ओळ बाजूला ठेव आणि ते जसेच्या तसे लिही. काही ठिकाणी मेलची वर्गवारी त्यावरूनच होते. दुसरं, ओळीत जे लिहिशील ते मुलाखतीत विचारणारच. तू अजून सेटिंग स्वतः केलेलं नाहीस, त्यामुळे 'सेटर कम ऑपरेटर' लिहून मेल उघडला जाईल खरा, पण वर्क ऑफसेट कसा घेतोस या पहिल्याच प्रश्नाला अडशील.

बहुतेक यादीत सब्जेक्टच्या लगेच खाली मजकुराची सुरुवात दिसते. तुझा मजकूर 'विथ रेफरन्स टू द अबव्ह सब्जेक्ट'नं सुरू होतो, म्हणजे तीही जागा फुकट गेली. 'नमस्कार सर' नंतर लगेच कुपवाडला राहून तिन्ही शिफ्टला येऊ शकतो का आणि किती दिवसांत रुजू होशील ते लिही, जे खरं असेल ते.

एरवी आठवण करून देताना मी जुन्याच मेलला रिप्लाय करायला सांगते. जीमेलमध्ये सब्जेक्ट बदलला की संवाद तुटून नवा मेल होतो आणि आधीचा रेझ्युमे वेगळा पडतो. पण तुझ्या सव्वीस मेलांवर असं करू नकोस, 'Re:' मागोमाग तीच जुनी ओळ दिसेल. ज्यांच्याकडे व्हीएमसी आहेत अशा कंपन्या निवड आणि प्रत्येकीला नवा, स्वतंत्र मेल पाठव. आधी एक स्वतःला पाठव, न उघडता यादीतच घरातल्या कुणाला तरी दाखव आणि विचार, या मुलाला कोणतं काम हवंय. त्यांना सांगता आलं नाही, तर ओळ पुन्हा लिही.