चौथाईचा हिशेब आणि पानिपतावरची उपासमार

प्रश्न: "शिवाजी महाराजांनंतर मराठ्यांचं राज्य इतकं पसरलं कसं? आणि अर्ध्या हिंदुस्थानातून चौथाई येत होती, तर पानिपतावर फौज उपाशी का राहिली?"

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी आहे आणि ते ठिकाण म्हणजे चौथाईची वाटणी. ती समजली की राज्य वेगाने का वाढले आणि ऐन वेळी पैसा का मिळाला नाही, हे दोन्ही कळते.

महाराजांचे निधन १६८० मध्ये झाले, १६८९ मध्ये संभाजी महाराजांना औरंगजेबाने मारले आणि राजाराम महाराजांना जिंजीला जावे लागले. पुढची जवळजवळ अठरा वर्षे मोगलांशी लढाई चालू राहिली, पण ती लढवणाऱ्या सरदारांना पगार देण्याइतका पैसा सरकारी खजिन्यात नव्हता. त्यामुळे मुलूख जिंकणाऱ्यालाच तो सरंजाम म्हणून, म्हणजे फौजेच्या खर्चासाठी, द्यावा लागला. १७०७ मध्ये औरंगजेब वारला, शाहू महाराज सुटून आले आणि १७०८ मध्ये साताऱ्याला त्यांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा फौजा प्रत्यक्षात सरदारांच्या हातात होत्या. त्यांना मोडून काढणे शक्य नव्हते. त्यांना एकत्र बांधून ठेवण्याची युक्ती पेशवे बाळाजी विश्वनाथांनी काढली.

१७१९ मध्ये ते दिल्लीहून सनदा घेऊन आले. दक्षिणेतील सहा मोगल सुभ्यांची चौथाई, म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा, आणि त्याशिवाय दहावा हिस्सा सरदेशमुखी म्हणून घेण्याचा हक्क शाहू महाराजांना मिळाला. मोबदल्यात स्वराज्याच्या मुलखाबद्दल बादशहाला सालीना दहा लाख पेशकश द्यायची, पंधरा हजार स्वार त्याच्या चाकरीस ठेवायचे आणि मुलखात चोरी-दरोडा होऊ द्यायचा नाही, असे ठरले. चौथाई पूर्वीपासून माहीत होतीच. दमणच्या बाजूला रामनगरचा कोळी राजा पोर्तुगिजांकडून ती घेत असे आणि शिवाजी महाराजांनीही ती मागितली होती. नवी गोष्ट होती ती वाटणीची.

समजा एका परगण्यातून चौथाईचे शंभर रुपये आले. त्यांतले पंचवीस 'राजबाबती' म्हणून छत्रपतींचे, सहा रुपये 'साहोत्रा' म्हणून पंतसचिवांचे आणि तीन रुपये 'नाडगौंडा', ज्यांची नेमणूक महाराज मर्जीप्रमाणे कोणालाही करून देत. उरलेले सहासष्ट रुपये 'मोकासा', आणि तो सरदाराला फौजेच्या खर्चासाठी मिळे. सरदेशमुखी वेगळी, ती पूर्णपणे छत्रपतींची. थोडक्यात, शंभरातले सहासष्ट वसूल करणाऱ्याच्याच घरात राहत. शिवाय हिशेब जुन्या, भरभराटीच्या काळातल्या आकारणीवर धरला जाई. युद्धाने ओसाड झालेल्या गावांना तेवढे देणे जमतच नसे, त्यामुळे बाकी कायमची थकलेली असे आणि पुन्हा फौज नेण्यास कारण तयार असे. एका सरदाराचे हक्क एका सलग प्रांतात न देता अनेकदा निरनिराळ्या मुलखांत विखरून दिले, म्हणजे कोणी सहज स्वतंत्र होऊ नये. माझ्या मते राज्याच्या वाढीचे खरे इंजिन हेच होते. बाजीरावांचे शौर्य निर्विवाद आहे, पण नर्मदेपलीकडे जाण्यात प्रत्येक पथकाचा रोकड फायदा होता, म्हणून शिंदे, होळकर, पवार माळव्यात, गायकवाड गुजरातेत आणि नागपूरकर भोसले बंगालपर्यंत गेले. १७५१ मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने रघूजी भोसल्यांना ओरिसाचा वसूल आणि बंगालच्या चौथाईपोटी सालीना बारा लाख कबूल केले.

या पद्धतीत एक मोठा दोष होता. चौथाई घेणारा मुलखाचा कारभार करीत नसे. देणाऱ्याच्या दृष्टीने तो दरवर्षी दाराशी येणारा सावकार होता. जयपूरचे उदाहरण पाहावे. तिथल्या वारसाच्या भांडणात मराठ्यांनी पैसे घेऊन पक्ष घेतला; कबूल केलेली खंडणी देता येईना आणि होळकरांची फौज चालून आली, तेव्हा डिसेंबर १७५० मध्ये राजा ईश्वरीसिंहाने विष घेतले. पुढच्याच महिन्यात शहर पाहायला आत गेलेल्या मराठ्यांवर जयपूरच्या लोकांनी हल्ला करून मोठी कत्तल केली. १७५४ मध्ये कुंभेरीला सूरजमल जाटाशीही असाच पैशावरून वेढा पडला आणि त्यात मल्हाररावांचा मुलगा खंडेराव मारला गेला. सहा-सात वर्षांनी ज्यांची मदत लागणार होती, तेच हे लोक होते.

आता पानिपत. १७५२ च्या करारात मराठ्यांनी अफगाण बादशहा अब्दालीपासून दिल्लीच्या बादशाहीचे रक्षण पत्करले आणि बदल्यात पंजाब-सिंधची चौथाई मिळवली. १७५८ मध्ये रघुनाथराव लाहोरला पोहोचलेही, पण परत येताना वसुलाऐवजी कर्ज घेऊन आले. जानेवारी १७६० मध्ये दिल्लीजवळ बुराडी घाटावर अब्दालीच्या फौजेशी लढताना दत्ताजी शिंदे पडले आणि त्यानंतर सदाशिवराव भाऊ दक्षिणेतून निघाले. मोहिमेचा खर्च उत्तरेच्या वसुलातून भागेल, हे गृहीत होते. ते दर मुक्कामाला खोटे ठरले. राजपूत तटस्थ राहिले, सूरजमल दिल्लीहून परत गेला आणि अवधचा नवाब शुजाउद्दौला रोहिला सरदार नजीबखानाच्या खटपटीने अब्दालीला मिळाला. ऑगस्टमध्ये दिल्ली हाती आली तेव्हा भाऊंना दिवाण-ए-खासचे चांदीचे छत उतरवून रुपये पाडावे लागले. ते सुमारे नऊ लाख झाले आणि ती रक्कम फार दिवस पुरली नाही. या कृत्याबद्दल भाऊंना दोष देणाऱ्यांनी त्यांची उत्तरेतले मराठी मामलतदार गोविंदपंत बुंदेले यांना गेलेली पत्रे वाचावीत. रसद पाठवा, पैसा पाठवा, हीच मागणी त्यांत वारंवार आहे.

१७ ऑक्टोबरला कुंजपुरा घेतल्यावर तिथले धान्य मिळाले आणि काही दिवस फौज सावरली. पण महिनाअखेर अब्दाली बागपतपाशी यमुना उतरून मराठे आणि दिल्ली यांच्या मधे आला. नोव्हेंबरपासून दोन्ही फौजा समोरासमोर बसल्या. मराठी छावणीत लढवय्यांबरोबर बुणगे, यात्रेकरू आणि कुटुंबेही होती, म्हणजे खाणारी तोंडे कितीतरी जास्त. डिसेंबरमध्ये गोविंदपंत यमुनेपलीकडे अफगाण रसद तोडण्याच्या कामावर असताना मारले गेले. दिल्लीहून निघालेली खजिन्याची एक तुकडी रात्री वाट चुकून अफगाण छावणीत शिरली. घोड्यांना वैरण उरली नाही. उपाशी मरण्यापेक्षा लढावे, हा निर्णय झाला तो या अवस्थेत.

१४ जानेवारी १७६१ ला भाऊंचा बेत गोलाची रचना करून, तोफांच्या आडून, कुटुंबे मध्ये ठेवून बाहेर पडण्याचा होता. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी आणि बंदुकांनी समोरच्या रोहिल्यांचे फार नुकसान केले. पण विंचूरकर आणि गायकवाड रचना सोडून घोडी घालत पुढे गेले आणि गोल तिथेच फुटला. तरीही दुपारपर्यंत मध्यावर भाऊंचीच सरशी होती. अब्दालीने राखीव ठेवलेले ताजे स्वार आणि उंटांवरच्या छोट्या तोफा, म्हणजे जंबुरका, दुपारनंतर पुढे आल्या, तेव्हा मराठ्यांकडे पुढे घालायला राखीव फौज नव्हती आणि घोड्यांत दमही नव्हता. विश्वासरावांना गोळी लागली, भाऊ गर्दीत शिरले आणि फौजेचा धीर सुटला.

हार एका दिवसाची होती, पण उत्तरेतील पैसा आणि मित्र दोन्ही त्याआधी दहा वर्षांपासून हातातून जात होते. वसुलीचा हक्क फौजेच्या धाकावर उभा होता, म्हणून पानिपतानंतर पंजाबची चौथाई संपलीच. बंगालची बारा लाखांची रक्कमही, १७६५ मध्ये कंपनीकडे तिथली दिवाणी गेल्यावर, भोसल्यांनी मागत राहायची आणि इंग्रजांनी टाळत राहायची, असे झाले.