अरबीतली 'नवी पुस्तके' एकवचनी का?

'किताब' पुल्लिंगी आहे, 'किताब जदीद' म्हणजे नवे पुस्तक. मग अनेकवचनात 'कुतुब जदीदा' कसे? 'जदीदा' हे तर स्त्रीलिंगी एकवचन आहे ना?

हो, स्त्रीलिंगी एकवचनच. अरबी विशेषण नामामागून येते आणि लिंग, वचन, विभक्ती आणि 'अल' (निश्चितता) या चारही बाबतींत नामासारखे होते. मात्र नाम अनेकवचनी असले की आधी ते माणसांविषयी आहे का, हे पाहायचे. माणसे असतील तर विशेषणही अनेकवचनी: 'तुल्लाब जुदुद', नवे विद्यार्थी. वस्तू, प्राणी, कल्पना असेल तर सगळा घोळका मिळून 'ती': 'कुतुब जदीदा', 'किलाब कबीरा' (मोठे कुत्रे). मूळ नाम पुल्लिंगी होते की स्त्रीलिंगी, याने फरक पडत नाही. द्विवचनाला मात्र ही सवलत नाही. तिथे 'किताबान जदीदान' असेच जुळते.

मराठी माणूस इथे थोडा फसतो. आपल्याकडेही 'नवी गाडी' आणि 'नवी पुस्तके' यांत 'नवी' एकच दिसते, पण तो निव्वळ योगायोग. पुढे क्रियापद आले की भेद उघडा पडतो: गाडी नवी आहे, पुस्तके नवी आहेत. अरबी मात्र शेवटपर्यंत 'आहे'च्याच बाजूला राहते. 'हाज़िही कुतुब जदीदा, इश्तरैतुहा अम्स', म्हणजे शब्दशः 'ही नवी पुस्तके, तिला मी काल विकत घेतले'. दर्शक 'हाज़िही' आणि शेवटचा 'हा' हे दोन्ही स्त्रीलिंगी एकवचनी.

कारण इतिहासात सापडते. 'किताब'चे 'कुतुब' होताना प्रत्यय लागत नाही, शब्दाचा साचाच मोडतो. अशी बरीच अनेकवचने मुळात समूहवाचक नामे असावीत, असे मानले जाते. शिवाय स्त्रीलिंगी 'आ' हा अरबीत समूह दाखवायलाही वापरतात. आज 'सय्यारा' म्हणजे मोटार, पण कुराणातल्या युसुफच्या कथेत (१२:१९) 'सय्यारा' म्हणजे वाटसरूंचा तांडा. तिथे 'जाअत सय्यारा', ती आली, असे स्त्रीलिंगी एकवचनी क्रियापद आहे आणि लगेच पुढे 'अर्सलू', त्यांनी पाठवले, असे अनेकवचनी. तांडा एक, माणसे अनेक. जुन्या अरबीत ही दुविधा चालत असे: कुराणातच 'मोजके दिवस' कुठे 'अय्याम मअदूदा', तर कुठे 'अय्याम मअदूदात' असे येते. आधुनिक प्रमाण अरबीने पहिला पर्याय जवळजवळ सक्तीचा केला.

नेहमीची चूक 'कुतुब जुदुद' ही, कारण शब्दकोशात 'जदीद'चे अनेकवचन 'जुदुद' दिलेले असते. दुसरी चूक 'अल'ची. 'अल-कुतुब अल-जदीदा' म्हणजे 'ती नवी पुस्तके'. विशेषणावरचा 'अल' गळला, तर 'अल-कुतुब जदीदा' हे पूर्ण वाक्य होते: पुस्तके नवी आहेत.

जाता जाता: आपला 'अहवाल' हा 'हाल'चे असेच मोडलेले अनेकवचन. मराठीने त्याला थेट पुल्लिंगी एकवचन करून टाकले.