७०० मेगाहर्ट्झ की २६ गिगाहर्ट्झ: आधी एवढं बघा

५जी इंटरनेटचे हे दोन बँड, म्हणजे रेडिओ लहरींचे पट्टे. पहिली चूक म्हणजे वरच्या, २६ गिगाहर्ट्झच्या बँडची लहर जास्त वेगाने धावते असं समजणं. वेग दोन्हींचा सारखाच, फरक जागेचा, म्हणजे पट्टा किती रुंद याचा. २०२२ च्या लहरींच्या लिलावात जिओने ७०० मध्ये १० मेगाहर्ट्झची जोडी, म्हणजे पाठवायला १० आणि घ्यायला १०, घेतली, तर २६ गिगाहर्ट्झमध्ये तब्बल १००० मेगाहर्ट्झ. रस्ता रुंद, म्हणून डेटा जास्त.

आता अंतर. ७०० ची तरंगलांबी सुमारे ४३ सेंटिमीटर, २६ ची जेमतेम साडेअकरा मिलिमीटर. तरंग आखूड तसा अँटेना लहान, आणि तो तेवढीच कमी ऊर्जा गोळा करतो. तशाच साध्या अँटेनांमध्ये, मोकळ्या हवेतही, हा फरक सुमारे ३१ डेसिबल, म्हणजे हजारपटीहून जास्त. शिवाय भिंत, झाडाची पानं, अगदी हाताचा आडोसाही २६ ला भोवतो.

म्हणून २६ चा रिसीव्हर घरात ठेवू नका. टॉवर थेट दिसेल असा गच्चीवर लावा.