पगार बंद असताना घरभाड्याचे हप्ते मागणे

«सोलापुरात भाड्याने राहतो. कारखाना दोन महिने बंद राहणार आहे. घरमालकांना भाडे हप्त्याने घ्या असे कसे सांगू? ते रागावतील का?»

मी अक्कलकोट रस्त्यावरील एका टॉवेल कारखान्यात हिशेबनीस होतो आणि मागणी घटल्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये कारखाना बंद राहिला, तेव्हा मलाही हीच विनंती करावी लागली होती. भाडे 6,000 रुपये होते आणि ते दर महिन्याच्या 5 तारखेला द्यायचे असे. तारीख उलटून गेल्यावर सांगितले असते, तर ती विनंती न वाटता थकबाकीची सबब वाटली असती, म्हणून मी जूनच्या अखेरीसच मालकांच्या घरी गेलो आणि सोबत लिहिलेला कागद नेला.

«काका, सप्रेम नमस्कार. कारखाना बंद असल्याने जुलै व ऑगस्टचे भाडे मला पूर्ण देता येणार नाही. या दोन महिन्यांत दरमहा 3,000 रुपये देईन. राहिलेले 6,000 रुपये सप्टेंबरपासून चार महिने, नेहमीच्या भाड्यासोबत दरमहा 1,500 प्रमाणे फेडीन. आपणास हे सोयीचे नसल्यास कृपया सांगावे.»

यातला 3,000 चा आकडा मी पत्नीच्या शिवणकामातून नक्की येणाऱ्या पैशांवरून ठरवला होता. अर्धवट मिळणाऱ्या कामाच्या आशेवर आकडा वाढवू नका, कारण ठरलेला पहिलाच हप्ता चुकला तर पुढचे बोलणे फार अवघड होते. «सप्टेंबरमध्ये सगळे एकदम देतो» असेही म्हणू नका. मला तसे केल्यास त्या एका महिन्यात 12,000 द्यावे लागले असते आणि किराण्याची उधारीही तेव्हाच फेडायची होती.

मालकांनी दोन बदल सुचवले. करार नोव्हेंबरअखेर संपत असल्याने फेड त्याच्या आत व्हावी, आणि त्यांच्या कर्जाचा हप्ता 10 तारखेला जात असल्याने रक्कम 8 तारखेपर्यंत मिळावी. दोन्ही मागण्या रास्त होत्या, म्हणून आम्ही सप्टेंबर ते नोव्हेंबर दरमहा 8,000 असे ठरवले आणि त्याच कागदावर दोघांनी सह्या केल्या. पैसे पाठवताना «जुलै भाडे, अर्धी रक्कम» असा मजकूर प्रत्येक वेळी लिहिला, त्यामुळे कोणत्या महिन्याचे किती आले याचा वाद राहिला नाही.

अनामत रकमेतून भाडे वळते करा, असे मी मुद्दाम म्हटले नाही. ती रक्कम मालकांना घराची मोडतोड आणि वीजबिल यांसाठी हाती हवी असते, आणि ती मागितली की भाडेकरू घर सोडून जाणार अशी शंका येते.

जाण्यापूर्वी आपला करार मात्र वाचा. लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याने भाडेकरू नसून परवानाधारक ठरतो, त्यामुळे त्याच्यासाठी करारातल्या अटीच महत्त्वाच्या असतात. किती महिन्यांची थकबाकी झाल्यास करार रद्द होईल हे त्यात लिहिलेले असेल, तर तुमचे हप्ते त्या मर्यादेच्या आत बसवा आणि सवलतीच्या कागदावर «या काळातील अपुरे भाडे थकबाकी धरले जाणार नाही» हे वाक्य घालून घ्या.