‘साहेब, तुमच्या रजिस्टर नंबरवर फोन लावतो’

प्रश्न: आमची सहा शाखांची नागरी सहकारी बँक आहे. चाळीसेक कर्मचारी, बहुतेक कॅशियर आणि क्लार्क. ऑडिटमध्ये शेरा आला म्हणून सायबर सुरक्षेचं प्रशिक्षण घ्यायचंय, आणि काम माझ्या गळ्यात पडलंय. ६० स्लाइडचं प्रेझेंटेशन तयार आहे, पण मागच्या वर्षी अर्धे लोक झोपले होते. दोन तासांत नेमकं काय शिकवू?

उत्तर:

ते प्रेझेंटेशन ऑडिटच्या फाइलला लावून टाका. तिथे त्याचा उपयोग आहे.

मी सहकारी बँकेत आधी काउंटरला आणि नंतर हेड ऑफिसच्या ईडीपी विभागात मिळून अठरा वर्षं काढली. पहिलं प्रशिक्षण मीही तुमच्यासारखंच घेतलं होतं. फिशिंग म्हणजे काय, विशिंग म्हणजे काय, रॅन्समवेअर म्हणजे काय. शेवटी २० मार्कांची चाचणी, आणि जवळजवळ सगळ्यांना सतराच्या वर. मी खूश.

दोन महिन्यांनी एका शाखेत दुपारी साडेतीनला फोन आला. गाड्यांच्या एका डीलरचे मालक बोलत होते. ट्रूकॉलरवर शोरूमचं नाव, व्हॉट्सॲपच्या डीपीला शोरूमचा लोगो. शाखाधिकाऱ्यांना त्यांनी आधी फक्त मुदत ठेवीचा व्याजदर विचारला, ‘पंचवीस लाख ठेवायचा विचार आहे’ म्हणाले. अर्ध्या तासाने पुन्हा फोन. ‘मी दवाखान्यात आहे, चेकबुक ऑफिसात कुलपात. लेटरहेडवर सही करून मेल करतो, एवढे तीन आरटीजीएस सोडा. चेक घेऊन माणूस संध्याकाळी येईलच.’ लेटरहेड आलं, सही जुळली. जुळणारच, कुठल्या तरी जुन्या कोटेशनवरून उचललेली होती. क्लार्कने एंट्री केली, अधिकाऱ्याने पास केली. पाचच्या सुमारास खऱ्या मालकांचा फोन आला, ‘हे मेसेज कसले येतायत?’ तीनपैकी दोन खात्यांतले पैसे तोवर पुढे निघून गेले होते. तिसऱ्यातले तेवढे गोठवता आले.

चौकशीत मी त्या क्लार्कबाईंशी बोललो. त्यांना चाचणीत १८ मार्क होते, आणि त्यांना संशय आलाही होता. मेल नेहमीच्या पत्त्यावरून आलेला नव्हता हे त्यांनी पाहिलं होतं. मग बोलल्या का नाहीत? ‘साहेबांनीच सांगितलं होतं करायला. एवढा मोठा ग्राहक, त्यांना मी काय म्हणून अडवू?’

तेव्हा कळलं की त्यांच्याकडे माहिती होती. नव्हते ते अडवण्याचे शब्द, आणि अडवायचा अधिकार. तुमचे दोन तास या दोन गोष्टींवर घालवा.

आधी एक दिवस एखाद्या शाखेत काउंटरमागे खुर्ची टाकून बसा आणि एकच गोष्ट वहीत लिहा: समोर माणूस नसताना, नुसत्या फोनवर, मेलवर किंवा चिठ्ठीवर आपण काय काय करून देतो? माझ्या वहीत मुख्यतः दोन गोष्टी आल्या. चेक नंतर येईल या भरवशावर केलेली आरटीजीएस-एनईएफटी, आणि खात्याला जोडलेला मोबाइल नंबर बदलणं. तिसरीही एक दिसली, ती तुम्हालाही दिसेल: साहेब जेवायला गेले की त्यांचा पासवर्ड टाकून क्लार्कच व्यवहार पास करतो. ते प्रशिक्षणात घेऊ नका. लोक हौसेने तसं करत नाहीत, रांग थांबते म्हणून करतात. जेवणाच्या वेळेत पास करायला दुसरा अधिकारी नेमून द्या. व्याख्यानाने ते सुटत नाही.

आता प्रशिक्षण. सगळ्यांना हेड ऑफिसच्या हॉलमध्ये बोलावू नका. प्रत्येक शाखेत सकाळी काउंटर उघडण्याआधी वीस-पंचवीस मिनिटं, तीन आठवडे आठवड्यातून एकदा. हिशेब तुमच्या दोन तासांच्या आतच बसतो. पहिल्या दिवशी वर सांगितला तसा प्रसंग नाव-गाव बदलून सांगा आणि लगेच तो करायला लावा. नुसती चर्चा नको. एकजण आतल्या केबिनमधून खराखुरा फोन करेल, दुसरा आपल्या जागेवर बसून घेईल. आमच्याकडे ‘मालक’ व्हायचे एक पिग्मी एजंट. आवाज भारदस्त, आणि तीस वर्षं व्यापाऱ्यांच्या दुकानात उभं राहिल्यामुळे कुठला शेठ कसा तापतो हे पाठ.

त्यांना मी तीन पायऱ्या दिल्या होत्या. आधी गोड बोलायचं. मग घाई: ‘गाडी कंपनीत अडकलीय, पाचच्या आत पैसे पाहिजेत.’ मग धमकी: ‘चेअरमनसाहेबांशी बोलू का? खातं दुसरीकडे नेतो मी.’ पहिल्या दोन पायऱ्यांवर बहुतेक लोक टिकतात. चेअरमनचं नाव निघालं की आवाज बारीक होतो आणि ‘बघते सर’ असं काहीतरी बाहेर पडतं. लोक घसरतात ते इथे, म्हणून सराव इथलाच हवा.

टिकण्यासाठी हातात एक तयार वाक्य द्या. आमचं असं होतं: ‘साहेब, तुमच्या रजिस्टर नंबरवर मी आत्ता फोन लावतो, दोन मिनिटं.’ यात नकार नाही, संशय नाही, ग्राहकाचा अपमान नाही. खरा मालक असेल तर म्हणतो ‘लावा’. खोटा असेल तर म्हणतो ‘तो फोन बंद आहे, याच नंबरवर बोला’, आणि हे उत्तर येताच व्यवहार थांबतो. वाक्य प्रत्येकाने तोंडाने म्हणायचं, निदान तीनदा. पहिल्यांदा हसू येतं, येऊ द्या.

उलट फोन करण्यात एक फट आहे, ती दुसऱ्या आठवड्यात घ्या. नंबर कुठून घ्यायचा? आलेल्या मेलमधून किंवा लेटरहेडवरून नाही, सीबीएसमधून. पण हुशार चोर आधी मोबाइल नंबर बदलायचा अर्ज देतो आणि आठवड्याने पैशांचं पत्र पाठवतो. मग सीबीएसमधला नंबरही त्याचाच. म्हणून नियम असा ठेवला: गेल्या महिन्याभरात नंबर बदललेला असेल तर उलट फोन पुरेसा नाही, मूळ चेक आणि माणूस दोन्ही समोर हवेत. नंबर बदलायचा अर्ज आला की जुन्या नंबरवर फोन जातो. ग्राहकाचं सिमच कुणी बदलून घेतलं असेल तर या फोनलाही चोरच उत्तर देईल, त्यामुळे मोठ्या रकमेला चेकशिवाय हातच लावायचा नाही. मर्यादा तुमच्या संचालक मंडळाने ठरवावी. आमच्याकडे ती दोन लाख होती, कारण आरटीजीएस तिथूनच सुरू होतं आणि लक्षात ठेवायला सोपं.

आता आरटीजीएस-एनईएफटीला लाभार्थ्याचं नाव पडद्यावर दिसण्याची सोय आहे. रिझर्व्ह बँकेने ती १ एप्रिल २०२५ पासून द्यायला सांगितलंय. ते नाव मोठ्याने वाचायची सवय लावा. पत्रात ‘अमुक ऑटो स्पेअर्स’ आणि पडद्यावर कुणा भलत्याच व्यक्तीचं नाव, हे शेजारच्या टेबलालाही ऐकू गेलं पाहिजे.

तिसरा आठवडा चूक झाल्यावर काय करायचं याचा. याला सगळे कंटाळतात, पण पैसे इथे वाचतात. आरटीजीएस एकदा गेलं की परत ओढता येत नाही. समोरच्या बँकेने ते खातं गोठवलं तरच काही हाताला लागतं, आणि ते मिनिटांवर असतं. प्रत्येक टेबलाच्या काचेखाली एक कार्ड ठेवा: हेड ऑफिसचा एक नंबर, ज्यावर कामाच्या वेळेत माणूसच फोन उचलतो. व्यवहाराचा यूटीआर नंबर कुठे दिसतो. १९३० आणि cybercrime.gov.in. आणि आधी फोन, नंतर साहेबांना सांगणं. हा क्रम मुद्दाम असाच. आमच्या त्या प्रकरणात ‘आधी साहेब येऊ देत’ यात पाऊण तास गेला होता.

महिन्याभराने न सांगता एक लुटूपुटूचा फोन करा. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्या, आणि एंट्री पास होण्याआधी थांबवायला शाखेत एकाला विश्वासात घ्या. बोनस, पगारवाढ, आजारपण असली आमिषं वापरू नका. इंग्लंडमधल्या वेस्ट मिडलंड्स ट्रेन्सने २०२१ मध्ये करोनातल्या कामाबद्दल बोनस देतो असा चाचणीचा मेल कर्मचाऱ्यांना पाठवला होता, आणि बातम्यांमध्ये त्यांची शोभा झाली. असं एकदा केलं की पुढचा खरा इशाराही लोक ‘यांचीच चाचणी असेल’ म्हणून सोडून देतात.

आणि मोजायचं काय? कोण फसलं याची यादी नको. फोन आल्यापासून हेड ऑफिसची घंटा किती मिनिटांत वाजली ते मोजा. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाच्या संशोधकांनी एका मोठ्या कंपनीत १५ महिने, १४ हजारांवर कर्मचाऱ्यांना असे खोटे मेल पाठवून पाहिले. मेलवर क्लिक करणाऱ्याला लगेच प्रशिक्षणाचं पान दाखवल्याने तो पुढच्या वेळी सावध झाला, असं काही त्यांना दिसलं नाही. उलट कर्मचाऱ्यांनी स्वतःहून कळवलेल्या मेलांवरून नवा हल्ला लवकर ओळखता आला. आमच्या पहिल्या फेरीत सहापैकी दोनच शाखांनी कळवलं. तिसऱ्या फेरीत पाच शाखांनी, आणि सर्वांत आधी त्याच क्लार्कबाईंनी. सहावी शाखा मात्र शेवटपर्यंत ढिम्म. तिथले अधिकारी स्वतःच ‘ग्राहकाला दुखवू नका’ म्हणायचे. तिथे प्रशिक्षण नाही, बदली उपयोगी पडली.

तुमच्या संस्थेची शाळा असेल तर तिथल्या ऑफिसलाही हीच पद्धत चालते, प्रसंग तेवढे बदला: ‘शिक्षणाधिकारी कार्यालयातून बोलतोय, मुख्याध्यापकांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी सांगा’, किंवा पुरवठादाराचं बिल येतं आणि मागोमाग ‘आमचं बँक खातं बदललंय’ असा मेल. उलट फोन तोच, जुन्या बिलावरच्या नंबरवर.

मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात यातलं काहीही घेऊ नका, शिव्या खाल.

शेवटी ते पत्र, ज्याच्याशिवाय मी पहिलीही बैठक घेणार नाही. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या सहीने, प्रत्येक काउंटरवर, ग्राहकालाही वाचता येईल असं:

‘चेकशिवाय आलेल्या पैशांच्या कोणत्याही सूचनेवर आमचे कर्मचारी ग्राहकाच्या नोंदवलेल्या नंबरवर फोन करून खात्री करतील. सूचना शाखाधिकारी, संचालक किंवा अध्यक्ष यांच्या नावाने आली तरीही. यामुळे उशीर झाल्यास किंवा ग्राहकाची तक्रार आल्यास कर्मचाऱ्याला जबाबदार धरले जाणार नाही.’

मधलं वाक्य काढायला सांगतील. काढू देऊ नका.