दारू सोडवण्यासाठी पहिल्या भेटीत नेमकं काय करतात?

प्रश्न: भावाला जळगावला समुपदेशकाकडे नेतोय. पहिल्याच दिवशी शपथ घ्यायला लावतात का?

उत्तर: नाही, भाषणही देत नाहीत. आधी किती पितो, शेवटची कधी घेतली, हे विचारतात. सकाळी हात थरथरत असतील किंवा पूर्वी फिट आली असेल तर आधी डॉक्टरकडे पाठवतात. अशा माणसाने एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं.

समजा, रावेरकडचा केळीवाला शेतकरी आलाय. "दारू सोडणं तुम्हाला किती महत्त्वाचं, शून्य ते दहात?" तो म्हणतो, चार. समुपदेशक विचारतो, "दोन का नाही?" मग तोच सांगतो, "पोरगी घाबरते ना भाऊ." सोडायचं कारण असं त्याच्याच तोंडून काढायचं, ही प्रेरणात्मक मुलाखत. "दहा का नाही?" विचारलं असतं, तर तो दारूचीच बाजू मांडत बसला असता.

मग विचार-वर्तन पद्धतीने, म्हणजे कुठल्या विचारातून कुठली कृती झाली हे बघत, पिण्याचा शेवटचा एकच प्रसंग उलगडतात. केळीचे पैसे हातात आले, मित्र भेटला, "आज तर हक्कच आहे" असं मनात आलं, क्वार्टर झाली, रात्री भांडण. या साखळीतला एक दुवा तोडायला निवडायचा: पुढचे पैसे रोख न घेता थेट खात्यात. शिवाय तलफ कधी आली, ते आठवडाभर वहीत लिहायचं.

तुम्ही सोबत जा, पण थोडा वेळ बाहेर बसा. घरच्यांसमोर माणूस आकडा कमीच सांगतो.