480, 460 आणि पुनर्विकासाचं पत्र

प्रश्न: मी सोसायटीची नवी सेक्रेटरी आहे. पुनर्विकासाबद्दल सभासदांना पत्र लिहायचंय. कमी लिहिलं तर लोकांना समजत नाही आणि सविस्तर लिहिलं तर "आम्हाला शिकवायला निघालात का" म्हणतात. कुठे थांबायचं?

उत्तर:

पत्र वाचून सभासदाला नेमकं काय ठरवायचंय, ते एका ओळीत लिहून समोर ठेवा. ज्या माहितीमुळे त्याचा निर्णय बदलू शकतो तेवढी पत्रात घ्या, बाकीची फाइलमध्ये राहू द्या. हे मी चूक करून शिकलो, म्हणून ती चूकच सांगतो.

मुलुंड पूर्वेला आमची 32 घरांची सोसायटी आहे, 1979 साली नोंदलेली. पुनर्विकासाचं पहिलं पत्र मी लिहिलं ते सहा पानी. सुरुवात "सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणजे काय" इथून, मग एफएसआय, टीडीआर, कन्व्हेयन्स, रेरा अशा ओळीने व्याख्या. दुसऱ्या दिवशी जिन्यात दुसऱ्या मजल्यावरचे काका भेटले. शांतपणे म्हणाले, "अहो, सोसायटीच्या नोंदणीच्या अर्जावर माझी सही आहे. मला सोसायटी म्हणजे काय ते कशाला सांगता?" मला फार लागलं ते, कारण त्यांचं बरोबर होतं. त्याच संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या आजी सहावं पान हातात धरून दारात. "आमचं घर 480 फुटांचं आहे आणि हा बिल्डर 460 देतोय. 20 फूट कमी घेऊन आम्ही राहतं घर पाडू द्यायचं?"

कार्पेट एरियाची व्याख्या चौथ्या पानावर होती, 460 चा आकडा सहाव्या. आजींनी दोन्ही वाचलं होतं. त्या दोन गोष्टींचा त्यांच्या घराशी काय संबंध आहे, ते मात्र मी कुठेच लिहिलं नव्हतं. म्हणजे काकांना नको ते सांगितलं आणि आजींना हवं ते राहून गेलं.

दुसऱ्या पत्रात हा भाग असा लिहिला:

"आपल्या जुन्या करारनाम्यात भिंतींसकट मोजलेलं 480 चौरस फुटांचं बिल्ट-अप क्षेत्र लिहिलेलं आहे. घरात फरशीवर टेप धरली तर 400 भरतात. बिल्डरने देऊ केलेलं 460 हे रेरा कार्पेट आहे, त्यामुळे ते 480 शी न ताडता 400 शी ताडून पाहावं. या 460 मध्ये खोल्यांमधल्या भिंतींखालची जागाही धरलेली असते. नव्या नकाशात ती साधारण 10 फूट जाते. म्हणजे वापरायला 450, आजच्यापेक्षा 50 जास्त."

पहिलं वाक्य बघा. बिल्ट-अपचा अर्थ त्या शब्दाच्या आधीच, विशेषणासारखा येऊन जातो. ज्याला माहीत आहे तो न अडखळता पुढे जातो, ज्याला माहीत नाही त्याला अर्थ मिळतो, आणि आपल्याला शिकवलं जातंय असं दोघांनाही वाटत नाही. मराठीत विशेषण नामाच्या आधी येतं, त्याचा असा फायदा करून घेता येतो. याउलट "बिल्ट-अप म्हणजे काय? तर..." असं लिहिलं की सभासद थेट शाळेच्या बाकावर जाऊन बसतो.

10 फुटांचं वाक्य ठेवावं की नाही यावर मी बराच विचार केला. 2016 च्या रेरा कायद्यात कार्पेट एरिया मोजताना आतल्या भिंती धरतात आणि बाहेरच्या सोडतात. आमच्या सर्व्हेअरने 400 मोजले ते भिंती सोडून, खोलीखोलीची फरशी. दोन मापं वेगळी आहेत हे लपवलं असतं तर वाढ 60 फूट दिसली असती, आणि ताबा घेताना कोणीतरी टेप लावून आम्हाला जाब विचारला असता. चार इंची भिंत, नकाशात एकूण 30 फूट लांब, म्हणून 10. हा हिशेब निर्णयाला लागतो, म्हणून तो आकडा राहिला.

रेरा कार्पेटमध्ये बाल्कनी धरत नाहीत हेही तितकंच खरं आहे, पण आमच्या नव्या नकाशात बाल्कनीच नव्हती, म्हणून ते काढलं. तुमच्या नकाशात असेल तर मात्र ते घ्यावंच लागेल, कारण बाल्कनी वर मिळणार की त्याच आकड्यात, यावर बरंच काही ठरतं. एफएसआयचा अख्खा परिच्छेदही गेला. कोणी विचारलंच तर दाखवायला फाइल रविवारी सकाळी ऑफिसात ठेवतो, असं एक वाक्य लिहिलं.

आणखी एक गोष्ट. सभासदांचे "जाणकार" आणि "अजाण" असे दोन गट मनात करू नका, सगळं बिनसतं ते तिथे. तळमजल्यावर रीसेलमध्ये घर घेतलेलं तरुण जोडपं आहे. रेरा कार्पेट त्यांना तोंडपाठ, पण सभेला हजर असलेल्यांचं बहुमत पुरतं असा त्यांचा समज होता. सहकार कायद्याच्या कलम 79अ खालच्या 2019 च्या निर्देशांप्रमाणे एकूण सभासदांपैकी किमान 51 टक्क्यांची संमती लागते. काकांना हे पाठ होतं, रेराचं माप मात्र नवीन होतं. म्हणून पत्रात टक्केवारी समजावली नाही, सरळ लिहिलं: "32 पैकी 17 सभासदांनी होकार द्यावा लागेल. जे येणार नाहीत आणि लेखी संमतीही देणार नाहीत, ते होकारात धरले जाणार नाहीत." माहीत असलेल्याला ती आठवण, नसलेल्याला बातमी.

पत्र लिहून झालं की "आपणांस माहीत असेलच", "सोप्या भाषेत सांगायचं तर", "अगदी साधी गोष्ट आहे" हे शब्द शोधून काढून टाका. पहिल्याने ज्याला माहीत नाही तो ओशाळतो. दुसऱ्यात आपण वाचणाऱ्याची पायरी ठरवतो. आणि तिसऱ्यानंतरही ज्याला समजलं नाही, तो पुन्हा विचारायला येत नाही. हे शब्द गेले तरी माहिती तसूभर कमी होत नाही.

मग वाटण्याआधी पत्र एक-दोघांना वाचायला द्या. "समजलं का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. मी आजींना विचारलं, "तुमच्या घराला किती फूट वाढ मिळतेय?" पहिल्या मसुद्यावर त्या म्हणाल्या 60. तेव्हा कळलं की भिंतींचं वाक्य आकड्यांपासून फार लांब पडलंय. ते उचलून 460 ला लागून ठेवलं. दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या 50, आणि लगेच विचारलं, "मग स्वयंपाकघर किती मोठं होणार?"

तोच मसुदा काकांनाही दिला होता. त्यांनी एकच खूण केली. कोपऱ्यावरच्या चार घरांची फरशी 400 नाही, 412 आहे. सर्व्हेअरचा कागद काढून पाहिला, त्यांचंच बरोबर होतं. त्या चार घरांना वेगळा आकडा घालून पत्र दिलं.